पत्राचा मायना आणि पत्राची अखेर

पेढीवर आलेले पत्र अनुभवी व्यापारी मजकुरापासून वाचायला घेत नाही. तो आधी वरची ओळ पाहतो, मग खालची सही पाहतो आणि त्यानंतर मजकुराकडे वळतो. लिहिणाऱ्याने आपल्याला कोठे बसवले आहे हे वरच्या ओळीवरून कळते, आणि तो स्वतः कोठे बसला आहे हे खालच्या ओळीवरून. या दोन जागांमधले अंतर एकदा ठरले की मधल्या मजकुराचा सूरही ठरून जातो. वरच्या ओळीला मराठीत मायना म्हणतात. हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला असून मुळात त्याचा अर्थच ‘अर्थ’ असा आहे. खालच्या भागाला तसे एकच नाव नाही. ‘कळावे’ या शब्दापासून सहीपर्यंतचा तो भाग असतो, आणि चुका बहुधा तेथेच होतात.

हे उदाहरणावरून पाहिलेले बरे. बार्शीच्या पेठेत भुसार मालाचे एक जुने दुकान आहे, असे समजू. फर्मचे भागीदार तीन : वडील, वडिलांचे थोरले बंधू आणि वडिलांचा मुलगा. थोरले बंधू, म्हणजे मुलाचे काका, काही वर्षांपासून पुण्यास राहतात. त्यांची भागीदारी कागदावर कायम आहे, पण दुकानाचा व्यवहार वडीलच पाहत असत. वडिलांचे निधन झाले. दुखवट्याचे दिवस सरले आणि मुलासमोर एकाच आठवड्यात तीन पत्रे लिहिण्याची वेळ आली. पहिले काकांना, भागीदारीचा करारनामा नव्याने करण्यासंबंधी. दुसरे बँकेला, कॅश क्रेडिट खात्यासंबंधी. तिसरे लातूरच्या एका व्यापारी मित्राला, तुरीच्या बिलाची रक्कम देण्यास महिनाभराची मुदत मागण्यासाठी.

मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगणकावर त्याच्याजवळ पत्राचा एक तयार नमुना होता. त्याने तिन्ही पत्रे फर्मच्या लेटरहेडवर छापली. तिन्हींच्या वर ‘महोदय’ आणि तिन्हींच्या खाली ‘आपला विश्वासू’. मजकूर नेटका होता, आकडे बरोबर होते. पाकिटे बंद करण्यापूर्वी दुकानातल्या वृद्ध मुनीमजींनी कागद हातात घेतले, वाचले आणि काकांचे पत्र बाजूला काढून ठेवले.

“छोटे शेठ, हे पत्र पुण्याला गेले तर काका वकिलाला बरोबर घेऊन येतील.”

“पण यात वावगे काय आहे, मुनीमजी? सगळे खरेच लिहिले आहे.”

“लिहिलेले खरे आहे. पण ‘महोदय’ म्हणून पुतण्या काकांना कधी लिहितो? वाटण्या करायच्या असतात तेव्हा.”

मुनीमजींचे म्हणणे अतिशयोक्त वाटेल, पण ज्या घरांत दोन पिढ्यांचा व्यवहार एका पेढीवर चालतो, तेथे ते नवे नाही. ‘महोदय’ हा शब्द सभ्य आहे आणि त्यात अनादर मुळीच नाही. मात्र तो नात्याचा शब्द नव्हे. ज्याच्याशी आपले नाते नाही, किंवा असले तरी या कागदापुरते ते बाजूला ठेवायचे आहे, त्याला ‘महोदय’ लिहितात. भाऊ गेल्यानंतर पुतण्याचे पहिलेच पत्र यावे आणि त्यात नाते बाजूला ठेवलेले दिसावे, याचा अर्थ काकांनी काय घ्यायचा?

वडीलधाऱ्यांसाठी मराठीत दोन मायने रूढ आहेत, ‘तीर्थरूप’ आणि ‘तीर्थस्वरूप’. शाळेत शिकवला जाणारा भेद असा की, तीर्थरूप म्हणजे स्वतःचे आईवडील, आजी-आजोबा यांसारखी रक्ताच्या नात्याची वडीलधारी माणसे. आणि तीर्थस्वरूप म्हणजे जी नात्याने तितकी जवळची नसली तरी त्याच मानाची आहेत अशी. सासरे, गुरुजी, वडिलांचे स्नेही हे दुसऱ्या वर्गात येतात. काका कोणत्या बाजूस येतात, यावर घराघरांत एकमत नाही. काही घरांत सख्खे काका तीर्थरूपच असतात, तर काही घरांत तो शब्द आईवडिलांपलीकडे जात नाही. अशा वेळी व्याकरणाचे पुस्तक उघडण्यापेक्षा घरातली जुनी पत्रे उघडावीत. आजवर जो मायना चालत आला तोच पुढे चालवावा, कारण एकाएकी केलेला बदल वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतो. मग तो बदल मान वाढविणारा का असेना.

मुनीमजींनी तेच केले. कपाटातल्या फाइलीत मुलाने वसतिगृहातून काकांना पाठवलेली काही पोस्टकार्डे निघाली. त्यांवर ‘ती. काका’ असे होते. हा ‘ती.’ मोठा सोयीचा आहे. त्यात तीर्थरूपही मावतो आणि तीर्थस्वरूपही, आणि निवड करण्याची अडचण टळते. पोस्टकार्डावर जागा थोडी, म्हणून तेथे तो शोभतो. परंतु प्रसंग गंभीर असेल तर संक्षेप उलगडून पूर्ण शब्द लिहावा. लिहिणाऱ्याने तेवढा वेळ दिला, हेही त्यातून पोहोचते. मुलाने ‘तीर्थरूप’ हा शब्द घेतला. वडील असेपर्यंत त्याने तो त्यांच्यासाठीच वापरला होता.

मायन्यानंतर अभिवादन येते, आणि त्याला जोडून ‘विनंती विशेष’. पत्रांवर दिसणारे ‘कृ. सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’. जैन घरांत नमस्काराच्या जागी ‘सादर प्रणाम’ किंवा ‘जय जिनेंद्र’ लिहितात. पुढचे दोन शब्द तेच राहतात. पुष्कळांना हे ‘वि. वि.’ निव्वळ अलंकार वाटतात. वस्तुतः त्यांना काम नेमून दिलेले आहे. नमस्कार येथे संपला, आता सांगण्याची विशेष गोष्ट विनंतीपूर्वक सुरू होते, अशी ती खूण आहे. म्हणूनच वडील माणूस धाकट्याला लिहिताना ‘विनंती’ हा शब्द गाळतो. तो लिहितो, ‘चि. अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.’ धाकट्याला विनंती करायची नसते. हा लहानसा शब्द चुकीच्या पत्रात गेला तर वाचणारा क्षणभर थबकतो.

पत्रातला सर्वांत नाजूक भाग मात्र क्रियापदांचा. मुलाच्या पहिल्या मसुद्यात ‘सोबतच्या कागदांवर सह्या करून परत पाठवा’ असे वाक्य होते. त्यात उद्धटपणा नाही, पण वडिलांना कोणी ‘पाठवा’ लिहीत नाही. ‘पाठवावे, अशी विनंती’ किंवा ‘आपल्या सवडीने पाठविण्याची कृपा करावी’ असे लिहितात. खाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहायचे आणि वर ‘पाठवा’ म्हणून आज्ञा सोडायची, असे पत्र दोन माणसांनी लिहिल्यासारखे दिसते.

दुसरा प्रश्न आकड्यांचा होता. काका हे काका आहेत आणि भागीदारही आहेत. भांडवल, नफ्याचे प्रमाण, वडिलांच्या खात्यावरील शिल्लक या गोष्टी सांगणे भागच होते. पण त्या ‘तीर्थरूप’ या शब्दाखाली आल्या की पुतण्या पाया पडता पडता हिशेब मागतो आहे असे वाटते. मुनीमजींनी कागद दोन केले. करारनाम्याचा मसुदा आणि ताळेबंद वेगळ्या कागदावर, तेथे काकांचा उल्लेख ‘श्री.’ आणि पूर्ण नावानिशी, पुढे ‘भागीदार’. पत्र मात्र साध्या कागदावर, हाताने लिहिलेले. त्याचा सांगाडा असा झाला :

॥ श्री ॥

तीर्थरूप काकांस,
सादर प्रणाम व जय जिनेंद्र, विनंती विशेष.

दादांच्या मागे दुकानाचे काम पूर्ववत सुरू झाले आहे. बँकेच्या व कायद्याच्या दृष्टीने करारनामा नव्याने करणे आवश्यक आहे, असे समजते. त्याचा मसुदा व ताळेबंद सोबत पाठवीत आहे. तो आपण वाचून पाहावा, जे योग्य वाटणार नाही ते कळवावे, आणि आपल्या मनास आल्यावरच पुढील कागद करावेत, असा विचार आहे. येणे झाल्यास आईसही बरे वाटेल. काकूंना प्रणाम, मुलांना आशीर्वाद.

कळावे. आशीर्वाद असावा, ही विनंती.

आपला,

आणि खाली फक्त घरातले नाव. वडीलधाऱ्यांच्या पत्राखाली आडनावासह पूर्ण सही करणे हा हल्ली वारंवार दिसणारा दोष आहे. घरच्या पत्राला बँकेच्या धनादेशासारखी सही लागत नाही. ज्या नावाने काका हाक मारतात, तेच लिहावे. ‘आपला’ की ‘तुमचा’, हेही बोलण्यावरून ठरवावे. घरात काकांना ‘तुम्ही’ म्हणत असताना पत्रात एकदम ‘आपण’ आले, तर काही घरांत तो आदर ठरतो आणि काही घरांत दुरावा. या घरात काकांशी बोलताना ‘आपण’च म्हणत.

शिरोभागी ‘श्री’ लिहावे की नाही, असा प्रश्न मुलाने विचारला होता. निधनाची वार्ता कळविणाऱ्या पत्रावर ‘श्री’ घालीत नाहीत, ही रीत आहे. हे पत्र वार्ता कळविणारे नव्हते आणि दुखवट्याचे दिवसही सरले होते. म्हणून ते घातले.

बँकेच्या पत्रात सगळेच उलटे होते. तेथे ‘महोदय’ योग्यच होते, आणि मुलाच्या मसुद्यात दोष निघाला तो खालच्या टोकाला. पण आधी वरचे पाहू. कार्यालयीन पत्र खुर्चीला लिहिलेले असते, खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीला नव्हे. म्हणून ‘प्रति’ खाली नाव न घालता पद घालतात, ‘मा. शाखा व्यवस्थापक’. अधिकाऱ्याची बदली झाली तरी पत्र त्या टेबलावर जिवंत राहते. ज्या पत्रावर ‘मा. श्री. अमुक साहेब यांस’ असे तीन-तीन मान एकावर एक चढवलेले असतात, त्यातला एकही मान नीट बसत नाही. आणि ते साहेब बदलून गेले असतील तर पत्र त्यांच्या मागे मागे फिरत राहण्याचीही भीती असते. ‘मा.’ पदाला पुरेसा आहे. ‘साहेब’ बोलण्यात ठेवावे. व्यवस्थापक महिला असतील तर ‘महोदया’; माहीत नसेल तर दाराबाहेरची पाटी पाहून यावी, आणि तेही शक्य नसेल तर ‘महोदय/महोदया’ लिहावे. अनेक शाखांत आज महिला व्यवस्थापक आहेत आणि त्यांच्या टेबलावर ‘महोदय’ म्हणून आलेल्या पत्रांची चळत असते.

अधिकाऱ्याला नमस्कार, क्षेमकुशल, ‘वि. वि.’ यांपैकी काही नको. त्यांची जागा ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी घेतात. घरच्या पत्रात नमस्कार जे काम करतो, तेच काम येथे विषयाची ओळ करते. वाचणाऱ्याला ती मुद्द्याच्या दारापर्यंत नेते.

आता अखेर. मुलाने नंतर विचार बदलून ‘विश्वासू’ खोडले होते आणि ‘आपला आज्ञाधारक’ लिहिले होते. कर्जाचे काम आहे, थोडे नमते घ्यावे, अशी त्याची समजूत. ‘आज्ञाधारक’ हा शब्द विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना किंवा हाताखालच्या कर्मचाऱ्याने वरिष्ठांना लिहायचा आहे. इंग्रजी अमलात साहेबाला लिहिणारा प्रत्येक जण स्वतःला त्याचा नम्र सेवक म्हणवून घेत असे, त्याची ही सावली आहे. खातेदार बँकेचा आज्ञाधारक नसतो. तो करार करणारा दुसरा पक्ष असतो, आणि कराराच्या नात्याला ‘विश्वासू’ हाच शब्द लागू पडतो. मुलगा एकटा लिहीत असता तर ‘आपला विश्वासू’, स्त्री असती तर ‘आपली विश्वासू’. येथे लिहिणारी फर्म आहे, म्हणून ‘आपले विश्वासू’.

त्याखालची सही तर या पत्राचा जीव आहे. मुलाच्या मसुद्यात फक्त त्याचे नाव आणि सही होती. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ याच्या कलम २२ प्रमाणे एखादे कृत्य फर्मवर बंधनकारक व्हायचे असेल तर ते फर्मच्या नावाने झाले पाहिजे, किंवा फर्मला बांधून घेण्याचा हेतू त्यातून दिसला पाहिजे. नुसत्या नावाची सही पाहून बँकेला विचारावे लागते की, हे गृहस्थ मृताचे वारस म्हणून लिहितात की भागीदार म्हणून? दोन्हींचे कागद वेगळे, आणि उत्तर येईपर्यंत काम अडते. दुरुस्त केलेले पत्र असे होते :

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
............ बँक, बार्शी शाखा.

विषय : भागीदाराच्या निधनामुळे फर्ममध्ये झालेला बदल व कॅश क्रेडिट खाते.
संदर्भ : खाते क्रमांक ............

महोदया,
आमच्या फर्मचे भागीदार श्री. ............ यांचे दि. ............ रोजी निधन झाले, हे कळविण्यास दुःख होते. उर्वरित भागीदार व्यवसाय पुढे चालू ठेवीत असून नवीन करारनाम्याची प्रत लवकरच सादर करीत आहोत. वरील खात्यातील व्यवहार आजच्या शिलकेवर थांबवावेत व उर्वरित भागीदारांच्या नावे नवीन खाते उघडून पूर्वीची मर्यादा चालू ठेवण्याबाबत विचार व्हावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
मे. ............ करिता,
(सही)
भागीदार

सोबत : मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत.

खाते थांबवावे, असे खातेदारानेच सुचविण्याचे कारण थोडक्यात सांगणे जरूर आहे. इंग्लंडमधील १८१६ सालच्या क्लेटन खटल्यावरून बँकव्यवहारात एक नियम रूढ झाला आहे. चालू खात्यात जमा झालेली रक्कम सर्वांत जुन्या उचलीपोटी आधी वळती होते. भागीदार गेल्यावरही तेच खाते चालू राहिले तर येणारी प्रत्येक जमा त्यांच्या हयातीतले कर्ज फेडीत जाते, आणि नंतरच्या उचलींना त्यांची मालमत्ता बांधील राहत नाही. म्हणून बँक स्वतःहून खाते थांबवतेच. फर्मने आधी लिहिले तर नवे खाते उघडण्याचे काम त्याच दिवशी हाती घेतले जाण्याचा संभव वाढतो. नाहीतर भाव चढलेल्या दिवसांत धनादेश परत जाऊ लागतात. पत्राची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी, ही पोच जपून ठेवावी.

अधिकाऱ्यांच्या पत्राचा आणखी एक प्रकार आहे, तो अर्धशासकीय पत्राचा. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याचे वैयक्तिक लक्ष वेधण्यासाठी नावाने लिहिलेले हे पत्र. त्यात ‘प्रिय श्री. अमुक’ असा मायना आणि ‘आपला’ अशी अखेर असते. ‘विश्वासू’ तेथे येत नाही. ‘प्रिय’ आणि ‘विश्वासू’ एका पत्रात आले की एक पाय बैठकीत आणि एक कचेरीत, अशी गत होते. व्यापाऱ्याने आपल्या बाजूने अधिकाऱ्याला ‘प्रिय’ लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही. पण व्यवस्थापकांनी तसे पत्र पाठविले, तर उत्तर त्याच ढंगात द्यायला हरकत नाही.

राहिले मित्राचे पत्र. हे सोपे वाटते आणि येथेच मुलाची सर्वांत जास्त ओढाताण झाली. लातूरचा हा मित्र सोलापूरच्या वसतिगृहातला; दोघांत ‘अरेतुरे’. पण बिल त्याच्या फर्मचे, आणि त्याच्या फर्ममध्ये त्याचे वडील व दोन भाऊ. ‘महोदय’ लिहिले तर मित्र दुखावणार. ‘प्रिय मित्रा’ म्हणून पैशांची मुदत मागितली तर तो नाही म्हणू शकणार नाही, आणि घरात मात्र त्याला उत्तरे द्यावी लागणार. मैत्रीच्या मायन्याखाली व्यवहाराची मागणी ठेवणे म्हणजे मित्राचे दोन्ही हात बांधणे होय.

येथेही कागद दोन झाले. एक फर्मकडून फर्मला. बरोबरीच्या व्यापाऱ्यांत जो जुना मायना चालत आला, तोच त्यावर घातला : ‘मे. अमुक यांस, स. न. वि. वि.’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’. पूर्वी बरोबरीच्या माणसाच्या नावामागे ‘रा. रा.’ हमखास असे. ‘राजमान्य राजेश्री’ हा त्याचा विस्तार. अठराव्या शतकात सरदार-मुत्सद्द्यांच्या पत्रांवर मिरवणारा हा किताब पुढे दोन अक्षरांचा होऊन पेठेतल्या दुकानदारापर्यंत आला आणि मग ‘श्री.’ने त्याला निवृत्त केले. आता तो लिहिला तर थट्टा वाटेल.

या पत्रात बिलाचा क्रमांक, तारीख, बाकी रक्कम आणि देण्याची नवी तारीख स्पष्ट लिहिली, व अखेर केली, ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती.’ यातला ‘लोभ’ पाहून मुलगा अडखळला. प्रवचनांतून क्रोध, मान, माया यांच्यानंतर चौथा कषाय म्हणून ज्याचे नाव लहानपणापासून ऐकले, तो पत्राखाली कसा मागायचा? मुनीमजी हसले. पत्रातला लोभ म्हणजे जिव्हाळा, ममत्व. जुन्या मराठीत ‘लोभी माणूस’ याचा एक अर्थ ‘माया लावणारा’ असाही होता. कागदावर तो अर्थ टिकला, बोलण्यातून गेला. तरीही ज्यांना तो शब्द खटकतो, त्यांनी ‘स्नेह असावा’ लिहावे. अर्थ तोच राहतो आणि वाक्याचा तोलही बिघडत नाही.

खाली पुन्हा ‘मे. अमुक करिता’ आणि ‘भागीदार’. या सहीचा मित्राला एक उपयोगही आहे. मुदत कायदा, १९६३ याच्या कलम १८ नुसार मुदतीच्या आत दिलेली सहीची लेखी कबुली येणे रकमेची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजायला लावते. मित्राच्या वडिलांनी विचारले, तर त्याच्याजवळ दाखवायला धड कागद असतो. ‘तुझा’ म्हणून केलेल्या सहीवर हा कागद उभा राहिला असता का, यावर दोन वकील दोन मते देतील.

दुसरा कागद चार ओळींचा होता. वर मित्राचे नुसते नाव, आधी ‘प्रिय’. स. न. वि. वि. नाही, कळावे नाही. ‘फर्मचे पत्र वेगळे पाठवले आहे. घरात विचारून काय ते ठरव. जमले नाही तर स्पष्ट सांग, दुसरी सोय पाहतो. दादांच्या वेळी आलास, ते विसरणार नाही. तुझा,’ आणि वसतिगृहातले टोपणनाव. मित्राच्या पत्रात एवढेच शोभते. जिवलगाला ‘आपला स्नेहांकित’ किंवा ‘स्नेहाकांक्षी’ लिहिले की तो पाकीट उलटून पाहतो, पत्र आपलेच ना? ते शब्द परिचितांसाठी ठेवावेत. ज्यांना ‘तुझा’ लिहिता येत नाही आणि ‘विश्वासू’ लिहिणे कोरडे वाटते, त्यांच्यासाठी.

हल्ली ही तिन्ही पत्रे मोबाइलवरून जातात. तेथे मायन्याच्या जागी ‘आदरणीय सर’ आणि अखेरीच्या जागी जोडलेल्या हातांचे चित्र येते. काकांना तेच, व्यवस्थापकांना तेच, मित्रालाही तेच. संदेश पोहोचतो. पण करारनामा, कर्जखाते आणि बाकी रक्कम यांचे कागद अजून कागदावरच जावेत, हे बरे.

दहा-बारा दिवसांनी पुण्याहून पाकीट आले. मसुद्यावर काकांची सही होती आणि नफ्याच्या प्रमाणासमोर पेन्सिलीने एक दुरुस्ती, पुतण्याच्या बाजूने केलेली. वर लिहिले होते, ‘चि. ............ यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.’ खाली सही नव्हती, फक्त ‘काका’.

त्याच पाकिटात मुलाच्या आईसाठी एक वेगळी चिठ्ठी होती. काकांच्या पत्रांत आजवर त्यांच्या वाट्याला शेवटची अर्धी ओळ येत असे, ‘सौ. स आशीर्वाद’. तो ‘सौ.’ आता लिहिता येत नव्हता. जुन्या वळणाने त्या जागी ‘गं. भा.’ म्हणजे ‘गंगाभागीरथी’ येतो. शब्द पवित्र नद्यांचा आहे, तरी तो दिसला की बाईला आधी आपले वैधव्यच आठवते. २०२३ साली विधवांच्या नावापुढे हे अक्षर लावण्याचा विचार शासनस्तरावर पुढे आला, तेव्हा त्यावर राज्यभर टीका झाली ती यामुळेच. काकांचे वय ऐंशीच्या घरात. त्यांनी इतर सगळे जुन्या वळणाचे लिहिले होते. ही एक ओळ मात्र नवी होती. ‘श्रीमती’ लिहून पुढे वहिनींचे स्वतःचे नाव घातले होते. इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी कधी लिहिले नव्हते.